‘होतला हां’ म्हणणाऱ्या विभागाचा नकाशा: मूक विरोध असताना स्टेकहोल्डर मॅपिंग कसं करावं

“चतुर्थीच्या सुट्टीत मोजणी उरकून टाकू,” असं स्टोअरच्या प्रमुखांनी मीटिंगमध्ये सुचवलं, तेव्हा मुंबईहून व्हिडिओवर बसलेल्या हेड ऑफिसच्या मंडळींनी लगेच माना डोलावल्या. कारखाना बंद, मशिनं थांबलेली, सामान मागायला कोणी येणार नाही. मोजणीसाठी याहून चांगला मुहूर्त कुठला? मी फोंड्याचा. चतुर्थीला गोव्यात माणूस माटोळी बांधत असतो, रॅकमधली बेअरिंगं मोजत नसतो. त्यातून स्टोअरच्या सहा माणसांपैकी चार जण बांदा-सावंतवाडीकडचे, म्हणजे पाच-सात दिवस ती घरीच. मोजणी होणार नाही हे वेर्ण्याच्या त्या मीटिंग रूममध्ये बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं. कोणी बोललं नाही. मीही नाही.

मूक विरोध असाच दिसतो. नाही कोणी म्हणत नाही, सूचना चांगलीच असते, फक्त ती पार पडणार नाही अशी असते. अशा वेळी नेहमीचा स्टेकहोल्डर मॅप, म्हणजे बदलाशी संबंध असलेली माणसं आणि त्यांच्या भूमिका मांडणारा नकाशा, फसतो, कारण तो माणसं काय म्हणतात यावर काढलेला असतो. मी तो आधी चुकीचा काढला आणि मग दुरुस्त केला. तीच पद्धत इथे पायऱ्यांनी मांडतो.

प्रसंग थोडक्यात असा. वेर्णा औद्योगिक वसाहतीतला एक औषध कारखाना. औषधाच्या कच्च्या मालाचा हिशेब तिथे बॅचनुसार काटेकोर असतो, पण मशिनच्या सुट्या भागांचं स्टोअर, म्हणजे इंजिनिअरिंग स्टोअर, जुन्याच पद्धतीने चालायचं. प्रत्येक कप्प्याला आवक-जावक हाताने लिहायचं एक बिन कार्ड, शिवाय एक एक्सेल फाइल. सुमारे 4000 वस्तू होत्या. प्रोजेक्ट असा की हे सगळं ईआरपीमध्ये, म्हणजे सगळ्या विभागांच्या सामाईक सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं, कप्प्यांना बारकोड लावायचे आणि सामान स्कॅन करूनच द्यायचं. प्रोजेक्ट माझ्याकडे होता.

## आधी कामं लिहा, माणसं नंतर

बहुतेक जण ऑर्गनायझेशन चार्ट समोर ठेवतात आणि त्यातली नावं चौकटीत टाकतात. मीही तेच केलं होतं. त्याऐवजी कोऱ्या कागदावर हा बदल प्रत्यक्षात यायला कोणकोणत्या कृती हाताने व्हाव्या लागतील ते लिहा. ‘स्टोअरचं सहकार्य’ ही कृती नव्हे. ‘कप्प्यावर लेबल चिकटवणं’ ही कृती आहे. आमची यादी अशी झाली:

| कृती | कोणाच्या हातून |
|---|---|
| वस्तूंची यादी साफ करणं | स्टोअर |
| रॅक आणि कप्प्यांना क्रमांक देणं | स्टोअर |
| प्रत्यक्ष मोजणी | स्टोअर, सोबत अकाउंट्स |
| लेबलं छापणं | आयटी |
| लेबलं चिकटवणं | स्टोअर |
| सुरुवातीचा साठा मंजूर करणं | अकाउंट्स |
| रात्रपाळीत सामान द्यायचा नियम ठरवणं | मेंटेनन्स, स्टोअर |
| बिन कार्ड बंद करायचा दिवस ठरवणं | प्लांट हेड |

आठपैकी पाच कृती स्टोअरच्या हातातल्या. मी काढलेल्या पहिल्या मॅपमध्ये मात्र स्टोअर एका कोपऱ्यात होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं, ‘माहिती देत राहणे’.

यादी झाली की प्रत्येक कृतीसमोर विभागाचं नाव खोडून माणूस लिहा. यादी साफ करणार ‘स्टोअर’ नव्हे, तर तिथे एक्सेल सांभाळणारा मुलगा. रात्री दोन वाजता सामान काढून देणार तो कंत्राटी हेल्पर. आणि या सगळ्यांच्या वर मामा. स्टोअरप्रमुखांना सगळा कारखाना मामाच म्हणायचा, प्लांट हेडसुद्धा. अख्खा विभाग एकमुखाने विरोध करतोय असं बाहेरून वाटतं, आत शिरल्यावर चित्र वेगळं दिसतं. आमच्याकडे एक्सेलवाल्या मुलाला नवी सिस्टीम मनापासून हवी होती, पण मामांसमोर तो तसं कधीच बोलला नसता.

## सत्ता आणि रस यांची चौकट, आणि तिच्यात राहून गेलेला रकाना

ऑब्री मेंडेलो यांच्या 1981 च्या मांडणीतून पुढे रुळलेली चार खणांची चौकट बहुतेकांना माहीत असते. एका बाजूला सत्ता, दुसऱ्या बाजूला रस. सत्ता आणि रस दोन्ही जास्त असलेल्यांना जवळ ठेवायचं, रस जास्त पण सत्ता कमी असलेल्यांना माहिती देत राहायचं, वगैरे. चौकट वाईट नाही. अडचण अशी की सत्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सही करणारा माणूस येतो. सहीने काम सुरू होतं. ते थांबवायला मात्र सही लागत नाही, हात न हलवणं पुरतं.

म्हणून मी एक रकाना वाढवतो आणि त्यात एकच प्रश्न लिहितो: या माणसाने 15 दिवस काहीच केलं नाही, तर कोणती कृती अडेल? अडलेली कृती दुसऱ्या कोणाकडून करून घेता येत असेल तर ताकद कमी. तसा दुसरा माणूसच नसेल तर ताकद मोठी, मग हुद्दा काही का असेना. आमच्याकडे प्रॉडक्शन मॅनेजर 15 दिवस गप्प बसले असते तरी काही अडलं नसतं. एक्सेलवाला मुलगा बसला असता तर यादीच आली नसती. कुठली फाइल खरी आणि कुठली जुनी हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. मामा बसले असते तर पाचही कृती थांबल्या असत्या, कारण त्यांच्या शब्दाबाहेर स्टोअरमध्ये कोणी खिळासुद्धा हलवत नाही.

मिचेल, एगल आणि वूड यांनी 1997 मध्ये सत्तेच्या जोडीला दोन गोष्टी तपासायला सांगितल्या. एक, त्या माणसाचं म्हणणं रास्त आहे का. दोन, त्याला ते किती तातडीचं वाटतं. मूक विरोधात मला यातली पहिली जास्त उपयोगी पडते. विरोधामागे रास्त कारण असू शकतं ही शक्यता मॅपमध्ये पहिल्यापासून धरलेली बरी. का, ते पुढे येईल.

## शब्दांचा नाही, तारखांचा हिशेब ठेवा

मामांकडे काहीही मागितलं की उत्तर ठरलेलं. “होतला हां, टेन्शन घेव नको.” आवाज प्रेमळ, चहाही मिळायचा. मॅपमध्ये त्यांच्यापुढे मी दोन महिने ‘पाठिंबा’ असं लिहून ठेवलं होतं, ते याच चहाच्या जोरावर. मग एका रविवारी घरी बसून मेल चाळले आणि हा तक्ता केला:

| काय मागितलं | कबूल तारीख | मिळालं | काय राहिलं |
|---|---|---|---|
| वस्तूंची यादी | 12 मे | 27 मे | साइझ आणि मेक हे कॉलम रिकामे |
| रॅकचा आराखडा | 20 मे | 9 जून | पहिल्या खोलीचाच, दोन खोल्या नाहीत |
| ट्रेनिंगला दोन माणसं | 3 जून | 3 जून | एकच आला, तोही कंत्राटी हेल्पर |
| मोजणीची तारीख | 15 जून | 15 जून | चतुर्थीची सुट्टी सुचवली |

शेवटचा रकाना सगळ्यात बोलका. उशीर कोणालाही होतो. पण प्रत्येक वेळी काहीतरी दिलं जातं आणि पुढचं पाऊल टाकायला लागणारी नेमकी तेवढीच गोष्ट राहून जाते, तेव्हा कान टवकारायचे. साइझ नसलेल्या यादीतून वस्तूंना कोड देता येत नाहीत. आमच्या यादीत एकच 6205 नंबरचं बेअरिंग तीन नावांनी तीन ओळींत होतं, आणि साइझचा कॉलम भरलेला असता तर ते पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

एका नोंदीवरून कोणावर शिक्का मारू नका. निदान तीन-चार नोंदी हव्यात, आणि त्या त्याच काळात दुसऱ्या विभागांकडून आलेल्या कामाशी ताडून बघा. महिनाअखेरीला अकाउंट्सही उशीरच करतं, म्हणून ते विरोधात आहे असं होत नाही.

## विरोध की ओझं? आधी हे तपासा

इथे घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं. उशिराची सर्वसाधारण तीन कारणं असतात: वेळ नाही, कळलं नाही, करायचं नाही. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात.

ओळखायचा साधा उपाय म्हणजे सांगितलेलं एक कारण खरोखर दूर करून बघणं. मामा म्हणाले होते, “माणूस नाही रे, यादी कोण भरणार?” म्हणून मी आमच्या टीममधली एक ट्रेनी मुलगी आठ दिवसांसाठी स्टोअरमध्ये बसवली. ओझंच कारण असतं तर यादी पुढे सरकली असती. झालं असं की पहिल्या दिवशी तिला टेबल मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी खरी फाइल ज्या कॉम्प्युटरवर होती तो ‘बिघडला’. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, बाहेरच्या माणसाला स्टोअरमध्ये एकटं बसवता येत नाही, सिक्युरिटीचा नियम आहे. एक कारण काढलं की त्याच्या जागी दुसरं उभं. कारण असं जागा बदलायला लागलं की समजायचं, सांगितलेलं कारण खरं नाही.

याच्या उलटही पाहिलंय. त्याच प्रोजेक्टमध्ये क्वालिटीवाले एका फॉर्मला मंजुरी देत नव्हते आणि माझ्या मॅपमध्ये ते विरोधकांत जाऊन बसले होते. त्यांना एक माणूस दिला, दोन दिवसांत मंजुरी आली. ते बिचारे एका ऑडिटच्या तयारीत बुडालेले होते.

## मी केलेली चूक

विरोध आहे एवढी खात्री पटल्यावर मी प्लांट हेडकडे गेलो, तक्ता दाखवला आणि म्हणालो, स्टोअर अडवतंय. त्यांनी मामांना बोलावून सात दिवसांत पूर्ण यादी द्यायला सांगितली.

यादी पाचव्या दिवशीच आली. एकही रकाना रिकामा नाही. साइझच्या कॉलममध्ये जवळजवळ सगळीकडे ‘स्टँडर्ड’ आणि मेकच्या कॉलममध्ये ‘लागू नाही’. हुकूम तंतोतंत पाळला होता आणि यादी पहिल्यापेक्षा निकामी झाली होती. आधी निदान रिकामे रकाने कुठे आहेत ते दिसत तरी होतं. वर चहा बंद झाला, आणि स्टोअरच्या दारात गेलो की आतली बोलणी थांबू लागली.

वरून दाब आणायचा रस्ता मॅपमध्ये असू द्यावा, पण शेवटी. विरोध मूक आहे तोवर माणूस निदान बोलत असतो. दाब आला की तो नियमाच्या आड जाऊन बसतो आणि तिथून त्याला बाहेर काढणं फार जड जातं.

## त्या माणसाचं काय जातंय?

मॅपमधला सगळ्यात महत्त्वाचा रकाना हा, आणि तो ऑफिसात बसून भरता येत नाही. ‘बदलाची भीती’ असं काहीतरी लिहून मोकळं व्हायचं नाही. नेमकी वस्तू, नेमका अधिकार, नेमकी सवलत लिहायची.

विचारायचं एकट्यात आणि त्या माणसाच्या जागेवर. ‘तुमची हरकत काय?’ असं विचारलं की ‘छे, आमची कसली हरकत’ एवढंच मिळतं. त्याऐवजी कामाची गोष्ट सांगायला लावा. मी मामांना विचारलं, “मामा, रात्री दोन वाजता ब्लिस्टर मशिनचं बेअरिंग गेलं तर आज काय काय होतं? पहिल्यापासून सांगा.” चार वाजून गेले होते, बाहेर पाऊस कोसळत होता, बांद्याची बस सुटायला अवकाश होता. मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग उठून त्यांनी मागच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट उघडलं.

आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बेअरिंगं होती. मेकॅनिकल सील, व्ही-बेल्ट, प्रॉक्सिमिटी सेन्सर, दोन-तीन कॉन्टॅक्टर. एकेका पुडीवर मशिनचं नाव निळ्या पेनाने लिहिलेलं. यातलं काहीही बिन कार्डवर नव्हतं. मेंटेनन्सवाले दुरुस्तीसाठी चार बेअरिंगं घेऊन जायचे, दोन वापरायचे आणि उरलेली दोन परतीची चिठ्ठी न भरता काउंटरवर ठेवायचे. कागदावर चारही खर्ची पडलेली. मामा ती कपाटात ठेवायचे, आणि वर्षातून चार-पाच वेळा रात्री मशिन बंद पडलं आणि साठ्यात भाग नसला की ते कपाट उघडायचं. “मामा देव माणूस आहे,” असं प्रॉडक्शनवाले म्हणायचे, ते या कपाटामुळे.

नवी सिस्टीम आली असती तर हे कपाट एकतर बेकायदा ठरलं असतं नाहीतर रिकामं झालं असतं. दुसरी बाजूही त्याच संध्याकाळी बाहेर आली. काही वर्षांपूर्वी एका मोजणीत तूट निघाली होती, मामांना लेखी खुलासा द्यावा लागला होता आणि त्या वर्षी त्यांची पगारवाढ अडकली होती. आता मोजणी केली तर कुठे जास्त निघणार, कुठे कमी, आणि दोन्हीकडे सही मामांची. त्यांना बारकोडची भीती नव्हती. त्यांना मोजणीची भीती होती.

माझा रकाना तेव्हा असा भरला: ‘जातंय: अडीअडचणीला सामान काढून देण्याची ताकद आणि मान. भीती: पहिल्या मोजणीतल्या फरकाचा ठपका. रास्त आहे का: बहुतांशी होय.’

## माणसांमधल्या रेघा

आता नावं एका मोठ्या कागदावर पसरा आणि त्यांच्यात रेघा काढा. हुकमाची रेघ सरळ, उपकाराची तुटक. तुटक रेघा कुठल्याच चार्टमध्ये सापडत नाहीत. त्या कँटीनमध्ये, बसमध्ये आणि भाजी-पावाच्या गाड्यावर दिसतात. कोण कोणाबरोबर जेवायला बसतो, रजेवर असताना कोण कोणाला फोन करतो, कोणाची अडचण कोणी निस्तरली, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आमच्या कागदावर दोन गोष्टी अचानक दिसल्या. एक म्हणजे मेंटेनन्स. त्यांचे सुपरवायझर मीटिंगमध्ये प्रोजेक्टचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते, पण मामांच्या कपाटाचा सगळ्यात मोठा फायदा त्यांनाच. परतीची चिठ्ठी भरायची कटकट नाही, शिवाय रात्रीची हमी. सगळा विरोध स्टोअरच्या नावावर जमा होत होता आणि त्यातला अर्धा मेंटेनन्सचा होता. मूक विरोध करणाऱ्या विभागाला बहुधा असा एक गुपचूप सोबती असतो, आणि तो तुमच्या मॅपमध्ये पाठिंब्याच्या खणात आरामात बसलेला असतो.

दुसरी गोष्ट अकाउंट्सची. मी तोपर्यंत प्रोजेक्ट आणि स्टोअर यांच्यातली गाठ सोडवायला बघत होतो. खरी गाठ स्टोअर आणि अकाउंट्स यांच्यामधली होती, त्या जुन्या तुटीपासूनची. मी मामांशी कितीही गोड बोललो असतो तरी ती सुटली नसती, कारण फरकाचा ठपका माफ करणं माझ्या हातात नव्हतंच.

## कोणाकडे आधी जायचं

मॅपचा उपयोग शेवटी क्रम ठरवण्यासाठी. प्रत्येकासमोर एकच हालचाल लिहा: कोण जाणार, काय घेऊन जाणार, कधी. सरळ मामांकडे जाऊन काही देऊ करणं मला शक्य नव्हतं, कारण द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून पहिली भेट अकाउंट्स मॅनेजरांची.

त्यांच्यासमोर मी कपाटाचा किस्सा ठेवला नाही, प्रश्न ठेवला. पहिल्या मोजणीत फरक येणारच, तर तो कसा घ्यायचा? दोन बैठकांत चार गोष्टी ठरल्या. ठराविक तारखेपर्यंत सापडलेलं, कार्डवर नसलेलं सामान शून्य किमतीने साठ्यात घ्यायचं, कारण त्याचा खर्च आधीच पडलेला आहे. त्या तारखेपर्यंतची तूट एकाच नोंदीने समायोजित करायची, व्यक्तिगत खुलासा मागायचा नाही. ऑडिटरना हे आधी कळवायचं, नंतर नाही. आणि त्या तारखेनंतरचा प्रत्येक फरक मात्र ज्याच्या पाळीत आला त्याच्या नावावर.

हे सुट्या भागांपुरतं, आणि मोठी तूट नाही हे माहीत असताना. कच्च्या मालाच्या बाबतीत किंवा चोरीचा संशय असताना असली सवलत कोणी मागूही नये.

मग त्या चार ओळींवर प्लांट हेडची सही. तो कागद हातात आल्यावरच मी मामांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “ऑडिटरला आधी सांगणार? लिहून?” मी म्हटलं, मेल तुम्हालाही कॉपी येईल. दुसऱ्या दिवशी ती मेल आली. तिसऱ्या दिवशी मामांनीच विषय काढला की चतुर्थीत माणसं मिळणार नाहीत, मोजणी त्याआधीच्या दोन रविवारी करू.

मेंटेनन्स सगळ्यात शेवटी. त्यांच्यासाठी नियम बसवला की परतीची चिठ्ठी भरल्याशिवाय त्या मशिनसाठी पुढचं सामान निघणार नाही. त्यांनी कुरकुर केली, उघडपणे आणि मोठ्याने. ती मला बरी वाटली.

## त्यांचं बरोबर असेल तेव्हा

मामांची एक हरकत शेवटपर्यंत टिकली, आणि ती खरी होती. पावसाळ्यात रात्री नेटवर्क जातं. स्कॅन झालं नाही म्हणून रात्री दोन वाजता बेअरिंग द्यायचं नाही का? आमच्या आराखड्यात याला उत्तर नव्हतं. मग छापील क्रमांकाच्या चिठ्ठ्यांचं एक पुस्तक ठेवलं. नेटवर्क नसेल तर चिठ्ठीवर सामान द्यायचं आणि 24 तासांत सिस्टीमला नोंद करायची. रोज सकाळी शेवटच्या चिठ्ठीचा नंबर आणि शेवटच्या नोंदीचा नंबर जुळवायचा. आणि कपाट? ते राहिलं, पण नावासकट. ‘आणीबाणी साठा’, बारकोडसह, किल्ली मामांकडे. मान गेला नाही, फक्त वर्तमानपत्रं गेली.

सगळंच असं गोडीने सुटत नाही. एक्सेल सांभाळणाऱ्या मुलाचं निम्मं काम सिस्टीमने खरंच खाल्लं. ‘कोणाचंही काही जाणार नाही’ असं सांगायची गळ मला घातली गेली होती, मी सांगितलं नाही. त्याला लेबल प्रिंटर आणि वस्तूंच्या कोडची जबाबदारी द्यायचं आधी ठरवून घेतलं, मग त्याच्याशी बोललो. एखाद्याची नोकरीच जाणार असेल आणि ते लपवायला सांगितलं जात असेल, तर मॅप काढून उपयोग नाही. त्याचा विरोध मावळावा असं कारणच तुमच्याकडे नसतं.

## मॅप कुठे ठेवायचा, आणि माणूस हलला हे कसं ओळखायचं

माझा पहिला मॅप मी ऑफिसच्या प्रिंटरवर विसरलो होतो. त्यात एका नावापुढे ‘अडथळा’ असं लिहिलेलं. तो उचलून मला आणून देणारा शिपाई काही बोलला नाही, पण संध्याकाळपर्यंत कोणाकोणाला कळलं असेल ते देव जाणे. तेव्हापासून मी मॅपमध्ये माणसाला विशेषण लावत नाही. ‘विरोधक’ लिहायचं नाही, ‘मोजणीतल्या फरकाबद्दल लेखी हमी हवी’ असं लिहायचं. तो कागद त्या माणसाच्याच हातात पडला तरी मान खाली घालावी लागू नये. तारखांचा तक्ता आणि तुटक रेघांचा कागद शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवू नका. मी वहीत ठेवतो.

दर 15 दिवसांनी तो पुन्हा बघायचा. माणूस हलला हे ‘हो’ वरून कळत नाही, ते तो पहिल्या दिवसापासूनच म्हणत होता. हरकती आधी यायला लागतात आणि नेमक्या असतात. ‘बघूया’ऐवजी ‘तिसऱ्या खोलीत लेबलं ओलीमुळे सुटतात, दुसरा कागद बघा’ असं ऐकू येतं. मीटिंगला हेल्परऐवजी मामा स्वतः येतात. ज्या माणसाने कधी तक्रार केली नाही तो तक्रार करायला लागला की मी वहीत त्याच्यापुढे बरोबरची खूण करतो.

आणि सिस्टीम सुरू झाल्यावर काउंटरचा खण एकदा उघडून बघा. जुनी पद्धत गुपचूप चालू असेल तर एखादी वही तिथेच सापडते. आमच्याकडे चौथ्या आठवड्यात सापडली, मामांची नव्हे, मेंटेनन्सच्या रात्रपाळीची. मी तक्त्यात नवी ओळ घातली आणि त्यांच्या सुपरवायझरांना विचारलं, रात्री स्कॅन करायला किती वेळ लागतो ते दाखवाल का? त्यांनी दाखवलं. स्कॅनर काउंटरच्या आतल्या बाजूला बांधलेला होता, तिथे हात पोचायला पूर्ण वळसा घालून जावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी एक मीटर केबल वाढवली.